शंकूच्या टाकीतलं पाणी उपसायला किती कार्य लागतं? काप पाडून गणित सोडवण्याची रीत

बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे सूत्र शाळेतच पाठ होतं. पण ते वापरायला एक अट आहे. बल सगळ्या प्रवासभर एकच असलं पाहिजे आणि ज्या वस्तूवर ते लावलं आहे ती सगळी वस्तू सारखंच अंतर सरकली पाहिजे. स्प्रिंग ताणताना पहिली गोष्ट बिघडते, कारण ती जितकी ताणावी तितका तिचा जोर वाढतो. टाकी उपसताना दुसरी बिघडते, कारण तळाचं पाणी लांबचा प्रवास करतं आणि वरचं पाणी जवळचा. दोन्हीकडे उपाय एकच: इतके बारीक काप पाडायचे की एका कापापुरती ती अट पुन्हा खरी ठरेल, प्रत्येक कापाचं कार्य काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. काप अतिशय बारीक केले की त्या बेरजेलाच संकलन म्हणतात.

नवख्यांचा गोंधळ होतो तो काप कशाचे पाडायचे इथे. स्प्रिंगमध्ये काप अंतराचे पडतात, टाकीत काप पाण्याचे पडतात. हा फरक पक्का होण्यासाठी आधी स्प्रिंगचं छोटं गणित पाहू आणि मग टाकीकडे वळू. खरं काम टाकीतच आहे.

स्प्रिंग: काप अंतराचे

एका स्प्रिंगची मूळ लांबी २० सेमी आहे. ती ३० सेमीपर्यंत ताणून धरायला ४० न्यूटन बल लागतं. आता ती ३० सेमीपासून ४० सेमीपर्यंत ताणायला किती कार्य लागेल?

हूकचा नियम सांगतो की बल हे ताणाच्या प्रमाणात असतं: F = kx. इथला x म्हणजे स्प्रिंगची लांबी नव्हे, मूळ लांबीपेक्षा ती किती वाढली ते. ३० सेमी लांबीला x = ०.१ मीटर, म्हणून k = ४० ÷ ०.१ = ४०० न्यूटन प्रति मीटर. सेमीचे मीटर इथेच करून टाकावेत. शेवटी करू म्हटलं की दहात नाही तर शंभरात चूक होते.

आता x पासून x + Δx इतक्या चिमूटभर ताणात बल जवळजवळ बदलत नाही, ते ४००x इतकंच राहतं. त्या कापाचं कार्य ४००x·Δx. सीमा ०.१ ते ०.२:

```
W = ∫ ४००x dx,   x = ०.१ ते ०.२
  = २०० × (०.०४ − ०.०१)
  = ६ ज्यूल
```

पडताळा सोपा आहे. बल सुरुवातीला ४० न्यूटन, शेवटी ८० न्यूटन आणि मधे ते सरळ रेषेत वाढतं. म्हणजे सरासरी ६० न्यूटन, गुणिले ०.१ मीटर, उत्तर ६ ज्यूल. सीमा चुकून ०.३ ते ०.४ घेतल्या, म्हणजे पूर्ण लांबी x मानली, तर उत्तर १४ ज्यूल येतं. त्यासाठी सरासरी १४० न्यूटन बल लागलं असतं, पण इथे बल ८० च्या वर जातच नाही. स्प्रिंगच्या गणितात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती पकडायला सरासरी बलाचा हा एक पडताळा पुरतो.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. F = kx हे प्रमाणमर्यादेच्या आतच खरं असतं. स्प्रिंग इतकी ताणली की सोडल्यावर ती मूळ लांबीला परत येत नाही, तर हे गणित तिथे लागू पडत नाही.

टाकी: काप पाण्याचे

शंकूच्या आकाराची एक टाकी आहे, टोक खाली आणि तोंड वर. उंची ४ मीटर, तोंडाची त्रिज्या २ मीटर. पाणी टोकापासून ३ मीटर उंचीपर्यंत भरलं आहे. सगळं पाणी टाकीच्या काठावरून बाहेर काढायचं आहे. पाण्याची घनता १००० किलो प्रति घनमीटर आणि गुरुत्वत्वरण ९.८ धरू, म्हणजे एक घनमीटर पाण्याचं वजन ९८०० न्यूटन.

*पायरी १: चित्र काढा आणि शून्य कुठे ते ठरवा.* टाकीचा उभा छेद काढा: खाली टोक असलेला त्रिकोण. y ही उंची टोकापासून वर मोजू. मग टोक y = ० वर, पाण्याची पातळी y = ३ वर आणि काठ y = ४ वर. या तीन आकड्यांची कामं वेगवेगळी आहेत. ० आणि ३ संकलनाच्या सीमा ठरवतात, ४ फक्त अंतर ठरवतो. तिन्ही चित्रावर लिहून ठेवा.

*पायरी २: काप आडवा पाडा.* y उंचीवर Δy जाडीची एक आडवी चकती घ्या. आडवीच का? कारण तिच्यातलं सगळं पाणी एकाच उंचीवर आहे, म्हणून ते सगळं सारखंच अंतर वर जाणार. उभा काप घेतला तर त्याच्या खालच्या आणि वरच्या पाण्याचं अंतर वेगळं होतं आणि ज्या अडचणीसाठी काप पाडले तीच पुन्हा समोर येते.

*पायरी ३: चकतीची त्रिज्या y मध्ये लिहा.* छेदाच्या मध्यरेषेच्या एका बाजूला पाहिलं की दोन समरूप त्रिकोण दिसतात. मोठ्याची उंची ४ आणि पाया २, लहानाची उंची y आणि पाया r. म्हणून r/y = २/४, म्हणजे r = y/२. लगेच तपासा: y = ४ ला r = २ येतो का? येतो. y = ० ला शून्य येतो का? येतो. गुणोत्तर उलटं मांडून r = २y लिहिलेलं असेल तर ते या तपासणीत तिथल्या तिथे उघडं पडतं.

*पायरी ४: चकतीचं वजन.* आकारमान πr²Δy = (π/४)y²Δy. वजन त्याच्या ९८०० पट, म्हणजे २४५०π·y²Δy न्यूटन. चकतीच्या कडा खरं तर थोड्या तिरक्या असतात, पण Δy बारीक होत जाते तशी ती चूक नाहीशी होते.

*पायरी ५: चकतीला किती वर जायचं आहे?* ती y वर आहे आणि काठ ४ वर, म्हणून अंतर ४ − y. इथे y लिहिण्याचा मोह फार होतो, कारण चित्रात y हीच लांबी ठळक दिसते. पण y म्हणजे चकती टोकापासून किती वर आहे ते. तिला अजून किती चढायचं आहे ते नव्हे.

संकलनाआधी हातानं बेरीज

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. नवख्यांनी ती एकदा तरी करून पाहावी, कारण संकलन म्हणजे नेमकी कशाची बेरीज हे इथे समजतं. ३ मीटर पाण्याचे १ मीटर जाडीचे तीनच काप पाडू आणि प्रत्येकाचं सगळं पाणी त्याच्या मधल्या उंचीवर आहे असं मानू.

खालचा काप: मधली उंची ०.५ मीटर, त्रिज्या ०.२५ मीटर, वजन सुमारे १,९२४ न्यूटन, अंतर ३.५ मीटर. कार्य सुमारे ६,७३५ ज्यूल.

मधला काप: उंची १.५, त्रिज्या ०.७५, वजन सुमारे १७,३१८ न्यूटन, अंतर २.५ मीटर. कार्य सुमारे ४३,२९५ ज्यूल.

वरचा काप: उंची २.५, त्रिज्या १.२५, वजन सुमारे ४८,१०६ न्यूटन, अंतर १.५ मीटर. कार्य सुमारे ७२,१५८ ज्यूल.

बेरीज सुमारे १,२२,१८८ ज्यूल.

हे आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. तळाच्या पाण्याला सर्वांत लांब जायचं आहे, तरी त्याचा वाटा सर्वांत लहान, कारण शंकूच्या टोकाशी पाणीच थोडं असतं. निम्म्याहून जास्त कार्य वरच्या एका मीटरवर खर्च होतं. त्रिज्या सगळीकडे सारखी असलेल्या उभ्या टाकीत चित्र उलटं दिसलं असतं: सगळ्या कापांचं वजन सारखं, म्हणून तळाच्या कापाला सर्वांत जास्त कार्य. टाकीचा आकार गणितात कुठून शिरतो ते इथे दिसतं. तो y² मधून शिरतो, आणि अंतर ४ − y मधून.

आता संकलन

```
W = २४५०π ∫ y²(४ − y) dy,   y = ० ते ३
  = २४५०π ∫ (४y² − y³) dy
  = २४५०π [४y³/३ − y⁴/४],   ० ते ३
  = २४५०π (३६ − २०.२५)
  = २४५०π × १५.७५
  = ३८५८७.५π
  ≈ १,२१,२२६ ज्यूल
```

तीन कापांची बेरीज यापासून एक टक्क्याहूनही कमी दूर होती. अर्ध्या मीटरचे सहा काप घेतले तर कंसातला आकडा १५.७५ ऐवजी १५.७८ येतो. काप दुप्पट केले की चूक साधारण चौपटीनं कमी होते आणि बेरीज संकलनाच्या उत्तराकडे सरकत जाते. तुमची हाताची बेरीज आणि संकलन यांत मोठी तफावत असेल, तर त्यांपैकी एका ठिकाणी सूत्रच चुकलं आहे असं समजा.

उत्तर खरं की खोटं, हे कसं ओळखायचं

उत्तराला पाण्याच्या एकूण वजनानं भागा. मिळतं ते पाणी सरासरी किती वर गेलं ते अंतर. आपल्या टाकीत पाण्याचा शंकू ३ मीटर उंच आणि वर १.५ मीटर त्रिज्येचा आहे, म्हणून आकारमान (१/३)π(१.५)²(३) = २.२५π, सुमारे ७.०७ घनमीटर किंवा ७,०७० लिटर. वजन २२०५०π, म्हणजे सुमारे ६९,२७२ न्यूटन. भागाकार:

```
३८५८७.५π ÷ २२०५०π = १.७५ मीटर
```

म्हणजे पाणी सरासरी १.७५ मीटर वर गेलं, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य काठाखाली १.७५ मीटर, टोकापासून २.२५ मीटर उंचीवर असायला हवा. भरीव शंकूचा गुरुत्वमध्य टोकापासून उंचीच्या तीन चतुर्थांशावर असतो, आणि ३ मीटरचे तीन चतुर्थांश २.२५ च. उत्तर बरोबर आहे.

शंकूचा हा नियम आठवत नसला तरी या भागाकाराचा उपयोग होतो. वरच्या पाण्याला १ मीटर जायचं आहे आणि टोकाच्या पाण्याला ४ मीटर, त्यामुळे सरासरी १ ते ४ च्या बाहेर गेली की काहीतरी चुकलं हे नक्की. शिवाय पाणी वर जास्त आहे, म्हणून सरासरी मधल्या २.५ पेक्षा कमीच हवी.

नेहमीच्या चुका आणि त्यांच्या खुणा

त्रिज्या २ मीटरच ठेवली, म्हणजे टाकी उभी सरळ आहे असं धरलं, तर उत्तर सुमारे ९,२३,६२८ ज्यूल येतं. पाण्याच्या खऱ्या वजनानं भागलं की सरासरी अंतर १३ मीटरच्या वर जातं, तेही ४ मीटर उंच टाकीत. ही चूक लपत नाही.

सीमा ० ते ४ घेतल्या, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली मानली, तर उत्तर सुमारे १,६४,२०० ज्यूल. इथे सरासरी २.३७ मीटर येते, १ ते ४ च्या आत आणि २.५ पेक्षाही कमी. वरवर पाहता ही चूक निसटते, गुरुत्वमध्याच्या पडताळ्यात मात्र सापडते. म्हणून सीमा लिहिताना प्रत्येक वेळी विचारा: पाणी कुठून कुठपर्यंत आहे? टाकी कुठपर्यंत आहे ते नव्हे.

अंतर ४ − y ऐवजी y घेतलं तर उत्तर सुमारे १,५५,८६२ ज्यूल. यातही सरासरी २.२५ मीटर येते आणि ती शक्य वाटते. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे पायरी ५ ला दोन टोकं तपासणं: काठावरच्या पाण्याला किती चढायचं? शून्य. टोकावरच्याला? चार. सूत्रात y = ४ आणि y = ० घालून हेच आकडे येतात का ते पाहा.

आणखी एक चूक एककांची. १००० नं गुणलं पण ९.८ राहून गेलं, तर मिळतं ते वस्तुमान गुणिले अंतर. ते कार्य नव्हे. आपल्या गणितात ते १२,३७० येईल. घनता किलोमध्ये दिली असेल तर ९.८ नं गुणा. प्रति घनमीटर वजन थेट न्यूटनमध्ये दिलं असेल तर पुन्हा गुणू नका. प्रश्नात एकक काय दिलंय ते वाचूनच हे ठरतं.

प्रश्न थोडा बदलला तर

पाणी काठावरून न काढता काठाच्या १ मीटर वर असलेल्या नळीच्या तोंडातून काढायचं असेल, तर फक्त अंतर बदलतं: ५ − y. सीमा आणि वजन तेच राहतात. प्रत्येक थेंबाला एक मीटर जास्त चढावं लागतं, म्हणून एकूण वजन गुणिले १ मीटर इतकी भर पडते: १,२१,२२६ + ६९,२७२, सुमारे १,९०,४९८ ज्यूल.

पातळी निम्मी, म्हणजे १.५ मीटर, होईपर्यंतच उपसायचं असेल तर सीमा १.५ ते ३ होतात. वरचे थर आधी जातात, म्हणून ० ते १.५ नव्हे. उत्तर सुमारे ९६,३३२ ज्यूल. पण पातळी निम्मी झाली म्हणजे पाणी निम्मं झालं असं नाही. शंकूत उंची निम्मी की आकारमान एक अष्टमांश, म्हणजे एव्हाना आठपैकी सात भाग पाणी बाहेर गेलेलं असतं. प्रश्नात "निम्मं पाणी" लिहिलंय की "निम्मी पातळी", हे दोनदा वाचा.

शून्य टोकाशी न घेता काठाशी घेतलं तरी चालतं. x ही काठापासून खाली मोजलेली खोली मानली तर अंतर थेट x, त्रिज्या (४ − x)/२ आणि सीमा १ ते ४. कंसातला आकडा पुन्हा १५.७५ च येतो. एकच गणित दोन्ही पद्धतींनी करणं हा उत्तम पडताळा आहे, फक्त दोन्ही अक्षांची सरमिसळ होऊ देऊ नका. अंतर एका अक्षातलं आणि त्रिज्या दुसऱ्यातली घेतली की उत्तर भलतंच येतं.

टाकीचा आकार बदलला तर फक्त पायरी ३ आणि ४ बदलतात. आडव्या ठेवलेल्या नळकांड्याचा आडवा काप गोल चकती नसून आयत असतो. नळकांड्याची त्रिज्या R, लांबी L आणि y मधल्या अक्षापासून मोजला, तर त्या आयताचं क्षेत्रफळ २L√(R² − y²). गोलाकार टाकीत, y केंद्रापासून मोजला तर, काप गोल चकतीच असतो आणि त्याचं क्षेत्रफळ π(R² − y²). बाकी मांडणी तीच राहते, फक्त सीमा आणि अंतरही त्याच y मध्ये लिहायचं.

पंप तळाशी असला तर?

एक शंका हमखास येते. पंप तळाशी असेल तर वरचं पाणी आधी खाली येतं आणि मग नळीतून वर जातं. मग त्याचं अंतर जास्त नाही का धरायचं? नाही. वरचा थर खाली उतरताना तो जितकी स्थितिज ऊर्जा गमावतो तितकीच मदत पंपाच्या तोंडाशी दाब म्हणून मिळते. शेवटी हिशेब फक्त पाणी आधी किती उंचीवर होतं आणि नंतर किती उंचीवर गेलं याचाच. म्हणून प्रत्येक चकतीचं अंतर तिच्या सुरुवातीच्या जागेपासून मोजायचं आणि प्रत्येक चकती एकदाच मोजायची. पातळी उतरत गेली तरी त्यात काही बदलत नाही.

मात्र १,२१,२२६ ज्यूल हे फक्त पाणी उचलण्याचं किमान कार्य आहे. नळीतलं घर्षण, वळणांवर होणारं नुकसान, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग आणि पंपाच्या मोटारीतली उष्णता यांपैकी काहीच त्यात धरलेलं नाही. ५०० वॉट शक्ती पूर्णपणे पाणी उचलण्यात लागली तर टाकी सुमारे २४२ सेकंदांत, म्हणजे चार मिनिटांत रिकामी होईल. त्यातली निम्मीच पाण्यापर्यंत पोचली तर आठ मिनिटं लागतील. आणि उपसण्याचा वेग वाढवला की नळीतलं घर्षणाचं नुकसानही वाढतं, त्यामुळे तेच पाणी घाईनं उपसायला एकूण ऊर्जा जास्त लागते.